सात महिन्यांचं सोनं आणि चोवीस तारीख

“ताई, नोकरी लागून सात महिने झाले. खर्च भागून जे उरतं त्याचं मी सोनंच घेते. आई म्हणते, अडीअडचणीला सोनंच कामी येतं. मग आपत्कालीन निधी वेगळा कशाला हवा? आणि सोनं किती झालं म्हणजे पुरे?”

पहिल्या भेटीत मी तिला सोन्याबद्दल काहीच विचारलं नाही. मोबाइलवर बँकेच्या खात्याच्या नोंदी उघडायला सांगितल्या आणि दोघींनी मिळून मागचे तीन महिने वाचले. तिन्ही महिन्यांत चित्र तेच होतं. एक तारखेला पगार, दोन तारखेला अ‍ॅपमधून सोन्याची खरेदी, आणि चोवीसच्या आसपास मैत्रिणीकडून थोडे पैसे जमा. पुढचा पगार झाला की ते परत. पुन्हा चोवीसला तेच.

माझ्याकडे येणाऱ्या पहिल्या नोकरीतल्या मुलामुलींच्या खात्यात मी ही जोडी आधी शोधते. महिन्याच्या सुरुवातीला गुंतवणूक आणि शेवटी उसनवारी असेल, तर ती गुंतवणूक उसन्या पैशांवर चालली आहे. माणसाला मात्र वाटत असतं की आपण बचत करतोय.

मग आकडे मांडले. पगार कितीही असो, तो १०० भाग धरायचा. म्हणजे हिशेब कुणालाही आपल्या पगाराला लावून पाहता येतो. तिचा न टळणारा खर्च ७५ भाग होता: भाडं, जेवणखाण, प्रवास, फोन, शिक्षणकर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे. ५ भाग इतर हौसेत जायचे. उरलेले २० सोन्यात. सात महिन्यांत असे १४० भाग गेले होते. त्यातल्या ८० ची एक चेन आणि ६० चं अ‍ॅपमधलं सोनं. मैत्रिणीचं देणं ५ भाग. खात्यात शिल्लक जवळपास शून्य.

“पण ताई, १४० आहेत ना माझ्याकडे,” ती म्हणाली.

मी चेनचं बिल मागितलं. तिने ते जपून ठेवलं होतं, ही मोठी चांगली गोष्ट. बिलावर तीन ओळी होत्या: सोन्याची किंमत, घडणावळ आणि कर. ८० भागांपैकी धातूचे ६९ होते, बाकी ११ घडणावळ आणि करात गेले होते. चेन २२ कॅरटची, म्हणजे तिच्यात शुद्ध सोनं साधारण ९१.६ टक्के. मोडायला नेली की फक्त त्या सोन्याचा भाव मिळतो. घडणावळ परत मिळत नाही, करही नाही. वर घट म्हणून काही टक्के कापले जातात. त्याच दिवशीच्या भावाने, म्हणजे भाव जराही न पडता, त्या चेनचे हातात ६६ च्या आसपास आले असते. अ‍ॅपमधल्या सोन्याचा घेण्याचा आणि विकण्याचा भाव वेगळा असतो, शिवाय खरेदीवर कर लागलेला असतो. तिथे ६० चे ५६. दोन्ही मिळून १४० चे १२२ झाले.

तिला हे लागलं. लगेच म्हणाली, “पण आईने तर बांगड्या मोडूनच एकदा घर सावरलं होतं. तिला काही तोटा झाला नव्हता.”

या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो. आईचा अनुभव खरा होता, तो खोडून काढायचं काही कारण नव्हतं. मी एवढंच विचारलं की मोडल्या तेव्हा त्या बांगड्या किती वर्षांच्या होत्या. वीसेक वर्षांच्या. म्हणजे घडणावळ, कर, घट हे सगळं मधल्या वीस वर्षांच्या भाववाढीत कधीच बुडून गेलं होतं. लेकीची चेन चार महिन्यांची होती. सोनं तेच, पण सुरुवातीची तूट भरून निघायला आईच्या सोन्याला वेळ मिळाला आणि लेकीच्या सोन्याला मिळाला नव्हता. अडचण पहिल्या वर्षातही येऊ शकते. नवी नोकरी टिकेल की नाही हे पक्कं नसतं, साठलेली रजा नसते, आणि पगार एकदा लांबला तरी भाडं थांबत नाही.

भाव वाढतोच आहे, हे मी रोज ऐकते. मागची काही वर्षं पाहिली तर तसं वाटणं स्वाभाविकही आहे. पण २००८ मध्ये, आर्थिक संकटात जगभर लोकांच्या नोकऱ्या जात होत्या तेव्हा, सोन्याचा डॉलरमधला भाव मार्चपासून शरद ऋतूपर्यंत सुमारे ३० टक्के खाली आला होता. पुढे तो सावरला आणि खूप वरही गेला. पण ज्याला त्या ऑक्टोबरमध्ये भाडं भरायचं होतं त्याला त्याचा काय उपयोग? २०११ च्या शिखरापासून २०१५ च्या अखेरीपर्यंत घसरण सुमारे ४५ टक्के होती. आणि जानेवारी १९८० चा भाव पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडला. स्थानिक चलनात ही घसरण कधी कमी जाणवते, कारण त्याच वेळी ते चलनही घसरलेलं असतं; पण त्या भरवशावर पुढच्या महिन्याचं भाडं सोडता येत नाही. सोनं कधी विकायचं हे आपण ठरवत असू तर या घसरणी सोसवतात. आपत्कालात ती तारीख आपण ठरवत नाही.

“मग मोडू नको, तारण ठेवेन,” ती म्हणाली. हा पर्याय खरा आहे, आणि काही वेळा मोडण्यापेक्षा बराही. पण कर्ज देणारा धातूची किंमत धरतो, आणि तीही पूर्ण नाही, तिचा काही भागच देतो. व्याज चालू होतं, आणि फेड चुकली तर दागिना लिलावात जातो. शिवाय पगार थांबलेल्या महिन्यातच हे नवं देणं अंगावर येतं. म्हणून तारणाचा विचार आपत्कालीन निधी संपल्यावर करायचा. निधीच्या जागी तारण धरता येत नाही.

आता ‘किती पुरे’ याचं उत्तर. माझ्या मते ते निधी कुठपर्यंत आलाय यावर ठरतं. एक महिन्याचा न टळणारा खर्च रोख साठेपर्यंत नवं सोनं शून्य. एक ते तीन महिन्यांच्या मधे असू तेव्हा महिन्याच्या बचतीचा फार तर दहावा भाग सोन्यात. तीन महिने पूर्ण झाल्यावर एकूण बचतीच्या १० टक्क्यांच्या आसपास सोनं पुरे. घर एकट्याच्या पगारावर चालत असेल किंवा कमाई दर महिन्याला वेगळी असेल, तर तीनच्या जागी सहा महिने धरावेत.

दहाच का? सोनं व्याज देत नाही, लाभांश देत नाही. जे मिळायचं ते भाव वाढला तरच. आणि २०११ नंतरसारखी घसरण पुन्हा झाली, तर १० टक्क्यांवर तिची झळ एकूण बचतीला चार-साडेचार टक्क्यांची बसते. तेवढी पहिल्या वर्षांतला माणूस घाबरून विक्री न करता सोसू शकतो. सोनं तीस-चाळीस टक्के असलेले लोक मी अशा वेळी तळाला विकताना पाहिले आहेत.

तिला हे पटलं, पण लगेच चेनकडे हात गेला. “म्हणजे ही विकू?”

मी विचारलं, “पगार दोन महिने आला नाही तर ही विकशील?”

बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, “नाही. पहिल्या कमाईतली आहे.”

मग ती चेन बचत नाही. ती दागिना आहे, आणि दागिना म्हणून आनंदाने घालावी. आम्ही ती हिशेबातूनच काढली. जे आपण कधी विकणार नाही ते बचतीत मोजलं की बचत फुगलेली दिसते आणि निधी कमी पडल्याचं उशिरा कळतं. चेनमधली घडणावळ तर कधीच गेलेली होती. ती आता विकून काही वाचणार नव्हतं.

अ‍ॅपमधलं सोनं मात्र विकायचं ठरलं. त्याचे ५६ आले. ५ मैत्रिणीला दिले, उरले ५१. त्यांच्यासाठी वेगळं बचत खातं उघडलं, ज्याला कार्ड जोडलेलं नाही. कार्ड जोडलं की ते पैसे खर्चाचे होतात. पुढच्या महिन्याचे २० पडले तेव्हा ७१, त्याच्या पुढे ९१. म्हणजे दोन महिन्यांत ७५ चा पहिला टप्पा ओलांडला. त्यानंतर दर महिन्याला १८ निधीत आणि २ सोन्यात. तीन महिन्यांच्या २२५ भागांपर्यंत पोचायला असे आठ महिने लागतात. सगळे २० निधीत टाकले असते तर सात लागले असते. एका महिन्याचा फरक पडतो, आणि तिला सोन्याची सवय मोडायची नव्हती, म्हणून मी तो मान्य केला. क्रेडिट कार्डाची थकबाकी असती तर मान्य केला नसता, कारण तिच्यावरचं व्याज कुठल्याही वर्षी सोन्याने हमखास भरून निघेल असं धरता येत नाही.

एका परिस्थितीत मी हा हिशेब जसाच्या तसा लावत नाही. जिथे चलन दर महिन्याला वेगाने घसरतं किंवा बँकेतून पैसे काढण्यावर बंधनं येतात, तिथे सगळा निधी रोख ठेवणं धोक्याचं असतं आणि थोडं सोनं आधीच घ्यावं लागतं. तेही दागिन्यात नको. छोट्या वजनाच्या, शुद्धतेचा शिक्का असलेल्या नाण्यांत असावं, म्हणजे गरजेपुरतं एकच नाणं मोडता येतं. तिची परिस्थिती तशी नव्हती.

पाचव्या महिन्यात तिचा फोन आला. दाढ दुखत होती, मुळापर्यंत उपचार करावे लागले, खर्च ३४ भाग. निधी तेव्हा १४५ वर होता, तो १११ वर आला. चोवीस तारखेला मैत्रिणीकडे काही मागावं लागलं नव्हतं. तिचा प्रश्न एवढाच होता: “ताई, सोन्यातले दोन भाग थांबवू का?”

१११ म्हणजे ७५ च्या वर. मी म्हटलं, चालू ठेव. निधी ७५ च्या खाली गेला तर मात्र त्या महिन्यापासून सोन्यातले दोन भागही बंद, आणि पुन्हा ७५ होईपर्यंत वीसच्या वीस निधीत.