‘काइंडली डू द नीडफुल’ऐवजी काय लिहावं?

*प्रश्न: ईमेलमध्ये ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं की परदेशातला क्लायंट उलट विचारतो, ‘नेमकं काय करू?’ हे इंग्रजी चुकीचं आहे का? त्याऐवजी काय लिहायचं?*

चुकीचं नाही, जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात खुद्द इंग्लंडमध्येही पत्रांतून ‘डू द नीडफुल’ सर्रास लिहीत. तिथे ते मागे पडलं, आपल्याकडे सरकारी पत्रव्यवहारात टिकलं. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’ या आपल्या अर्जातल्या शेवटच्या ओळीचं ते सख्खं भावंड. अर्जात ते शोभतंही, कारण काय करायचं हे साहेब ठरवणार, आपण सांगणं आगाऊपणाचं. क्लायंटला मात्र तुम्हीच सांगायचं असतं, आणि नेमकं तेच या वाक्यात नसतं. त्यामुळे शब्द बदलून ‘प्लीज टेक नेसेसरी अ‍ॅक्शन’ लिहिलंत तरी तो पुन्हा तेच विचारणार.

असा मेल बघा: ‘सर्टिफिकेट ऑन टेस्ट सर्व्हर इज एक्स्पायर्ड. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट ऑन द सेम अ‍ॅट द अर्लिएस्ट.’ वाचणाऱ्यापुढे निदान तीन अर्थ उभे राहतात. सर्टिफिकेट त्याने स्वतः नवं करून द्यायचं? की तुम्हाला ते करण्याची परवानगी हवी आहे? की तोवर सर्टिफिकेटशिवाय टेस्टिंग चालवायला त्याचा होकार हवा आहे? शिवाय ‘अर्लिएस्ट’ म्हणजे आज की या आठवड्यात, हेही त्यानेच ठरवायचं.

मी तो मेल असा लिहीन: ‘द सर्टिफिकेट ऑन द टेस्ट सर्व्हर एक्स्पायर्ड धिस मॉर्निंग. कुड यू रिन्यू इट बाय थर्सडे, फाइव्ह पीएम लंडन टाइम? वी कान्ट टेस्ट द लॉगिन पेज अंटिल देन. प्लीज रिप्लाय व्हेन इट इज डन.’ काय झालं, कोणी काय करायचं, कधीपर्यंत आणि नाही केलं तर काय अडतं, एवढं त्यात आलं. यात एकही शब्द भारदस्त नाही. उद्धट वाटेल ही भीती सोडा, ‘कुड यू’ने सुरू होणारा सरळ प्रश्न तिकडे पुरेसा नम्र असतो. उलट ‘काइंडली’ हा शब्द अनेक अमेरिकी वाचकांना सूचनाफलकासारखा कडक वाटतो, तेव्हा ‘प्लीज’ पुरे.

आता त्याच मेलमधलं ‘रिव्हर्ट’. माझ्या मते ‘नीडफुल’पेक्षा हे जास्त धोकादायक, कारण ‘नीडफुल’ वाचून माणूस निदान विचारतो तरी. आपल्याकडे रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या, बाहेर बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ पूर्वस्थितीला नेणं. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी तर ती रोजची कमांडच आहे:

```
git revert HEAD
```

ही कमांड शेवटच्या कमिटमधला बदल उलटवणारी नवी कमिट तयार करते. अशा माणसाला तुम्ही ‘प्लीज रिव्हर्ट द लॉगिन चेंज बाय टुडे’ लिहिलंत आणि तुमच्या मनात ‘त्या बदलाबद्दल आज कळवा’ असं असलं, तर तो काही न विचारता केलेलं काम मागे घेईल. संध्याकाळी ‘डन’ असं उत्तर आलं, की समजा काय झालं ते. इथे बिनदिक्कत ‘रिप्लाय’ किंवा ‘लेट मी नो’ लिहा.

‘डाउट’चंही असंच. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन’ यातून आपल्याला शंका विचारायची असते, पण समोरच्याला ऐकू येतं की याला माझं डिझाइन पटलेलं नाही. मग तो प्रश्नाचं उत्तर द्यायचं सोडून डिझाइनची बाजू मांडत बसतो. ‘क्वेश्चन’ लिहिलं की हा घोळ होत नाही.

बाकीचे किरकोळ आहेत. ‘द सेम’च्या जागी त्या वस्तूचं नाव लिहा: ‘कन्फर्म द सेम’ नको, ‘कन्फर्म द डेट’ लिहा. ‘आउट ऑफ स्टेशन’ऐवजी ‘अवे’, आणि परत कधी येणार ती तारीख. ‘प्रीपोन’ मला स्वतःला फार आवडतो, असा सुटसुटीत शब्द त्यांच्याकडे नाही. पण तो सगळ्यांना कळेलच असं नाही, आणि ‘मूव्ह फॉरवर्ड’ लिहिलं तर काही जण मीटिंग पुढे ढकलली असं समजतात. दोन्ही वेळा लिहून मोकळे व्हा: ‘कॅन वी मूव्ह द मीटिंग फ्रॉम फोर टु टू?’

ऑफिसातल्या आपल्या माणसांना लिहिताना मात्र हे सगळं खुशाल चालू ठेवा. तिथे ‘रिव्हर्ट’ म्हटल्यावर उत्तरच येतं. फक्त त्या मेलच्या सीसीमध्ये क्लायंट नाही ना, तेवढं पाठवण्याआधी बघा.