रात्री वाढलेले दीड किलो वजन सकाळी कुठे जाते?

प्रश्न: सकाळी माझे वजन ६४ किलो भरते आणि रात्री जेवणानंतर साडेपासष्ट. एका दिवसात दीड किलो चरबी वाढते का? यातले नुसते पाणी किती?

चरबी नव्हे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे दीड किलो चरबी वाढायला रोजच्या गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि एका दिवसात ते शक्य नाही.

गेल्या मे महिन्यात मी एक दिवस स्वयंपाकघरातला काटा आणि वजनकाटा दोन्ही हाताशी ठेवून हिशेब मांडला. सकाळी शौचाहून आल्यावर माझे वजन ७१.२ किलो होते. दिवसभरात पाणी, चहा आणि ताक मिळून २.३ किलो आणि जेवणखाण १.२ किलो पोटात गेले. प्रत्येक वेळी लघवीच्या आधी आणि नंतर वजन केले, तेव्हा त्यात १.४ किलो गेल्याचे दिसले. रात्री काटा ७२.६ वर होता, म्हणजे उरलेले सुमारे ७०० ग्रॅम घाम आणि श्वासावाटे निघून गेले होते. सकाळी पुन्हा ७१.३ भरले. रात्रीची आणि पहाटेची लघवी मिळून ७०० ग्रॅम, शौचाचे सुमारे २००, आणि बाकीचे ४०० ग्रॅम झोपेत कातडी आणि श्वासातून गेले होते. या ४०० मध्ये कार्बन डायऑक्साइडमधला थोडा कार्बन असतो, पण मुख्यतः ती वाफच असते.

सकाळचा आकडाही कधी अचानक किलोभर चढतो आणि त्याचे कारण बहुधा मीठ असते. शरीरातल्या पेशींबाहेरच्या द्रवात लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ असते. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत लोणचे, पापड आणि मसालेभात यांतून गेलेले जादा मीठ मूत्रपिंडांनी बाहेर टाकेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. भात-पोळी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, तेही बरेचसे असेच पाणी असते, कारण स्नायू आणि यकृतातील ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते आणि ग्लायकोजेन संपले की तेही जाते. हे दोन किलो भात खाताच परततात, आणि त्यामुळे अनेक जण निराश होऊन आहार सोडून देतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीही असाच फरक पडतो.

म्हणून रात्रीचे वजन मोजूच नये. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करावे आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. मात्र सकाळचेच वजन सलग दोन-तीन दिवस चढत गेले, पावलांवर बोटाने दाबल्यावर खळगा राहू लागला किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर तेही पाणीच असते, पण ते हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या आजारामुळे साठलेले असू शकते. अशा वेळी सरासरीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.