वर्तुळ एका दिशेने दाबले की लंबवर्तुळ: गुणाकार का, सरासरी का नाही

प्रश्न: वडोदऱ्यात आमच्या सोसायटीच्या अंगणात 10 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद असे लंबवर्तुळाकार लॉन करायचे ठरले आहे. माळीकाका म्हणतात, लांबी-रुंदीची सरासरी 8 मीटर धरा आणि तेवढ्या व्यासाच्या वर्तुळाइतके गवत मागवा. मुलीच्या वहीत मात्र πab असे सूत्र आहे आणि दोन्ही उत्तरे जुळत नाहीत. a आणि b यांचा गुणाकारच का करायचा? मला समाकलन येत नाही.

उत्तर:

नमस्कार. समाकलन न वापरताही हे पूर्णपणे समजते. मी येथेच, वडोदऱ्यात, बरीच वर्षे आरेखन शिकवले आहे आणि माझा अनुभव असा, की हे सूत्र समाकलनातून शिकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा पट्ट्या कापून शिकलेल्याच्या अधिक काळ लक्षात राहते.

तुमच्या लॉनची लांबी पूर्व-पश्चिम आणि रुंदी उत्तर-दक्षिण आहे असे समजू. प्रथम मनातल्या मनात 5 मीटर त्रिज्येचे पूर्ण वर्तुळ आखा. मग त्याची पूर्व-पश्चिम लांबी तशीच ठेवून उत्तर-दक्षिण मापे सर्वत्र एकाच प्रमाणात, म्हणजे 5 चे 3 होतील अशी, कमी करा. मधल्या रेषेपासून 5 मीटरवर असलेला बिंदू 3 मीटरवर येईल, 4 मीटरवरचा 2.4 मीटरवर आणि 3 मीटरवरचा 1.8 मीटरवर. अशा रीतीने दाबलेले वर्तुळ म्हणजेच लंबवर्तुळ होय. केवळ तसे दिसणारे नव्हे, तर काटेकोर व्याख्येचे.

आता वर्तुळावर उत्तर-दक्षिण अशा एकेक मीटर रुंदीच्या दहा पट्ट्या आखा. मध्यापासून पूर्वेकडे जाताना, प्रत्येक पट्टीच्या मधोमध मोजल्यास, त्यांच्या लांब्या अनुक्रमे सुमारे 9.95, 9.54, 8.66, 7.14 आणि 4.36 मीटर भरतात आणि पश्चिमेकडेही त्याच मापांची पुनरावृत्ती होते. दहा पट्ट्यांची बेरीज 79.30 चौरस मीटर येते. वर्तुळाचे खरे क्षेत्रफळ π × 25, म्हणजे 78.54 आहे. तेव्हा पायऱ्यांसारख्या कडांमुळे 0.76 चौरस मीटर जास्त धरले गेले आहेत. वर्तुळ दाबल्यावर प्रत्येक पट्टीची रुंदी एक मीटरच राहते, मात्र तिची लांबी तीन पंचमांश होते. म्हणून प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ तीन पंचमांश होते आणि अर्थातच बेरीजही तीन पंचमांश होते: 47.58.

येथे एक शंका हुशार विद्यार्थी हमखास काढतो, आणि ती काढलीच पाहिजे. पट्ट्यांची बेरीज मुळातच चुकीची असेल, तर तिचे तीन पंचमांश बरोबर कसे? उत्तर असे, की ती चूकसुद्धा त्याच प्रमाणात दाबली जाते. वर्तुळात 0.76 ची चूक होती, ती लंबवर्तुळात 0.46 ची झाली. पट्ट्या जितक्या बारीक कराल तितकी वर्तुळातील चूक शून्याकडे जाईल आणि तिचा तीन पंचमांश भाग तिच्यामागून शून्याकडेच जाईल. त्यामुळे दोन खऱ्या क्षेत्रफळांचे प्रमाणही नेमके 5 ला 3 असते, अंदाजे नव्हे. मोठ्या अक्षावरील वर्तुळाशी लंबवर्तुळाचे जे प्रमाण, तेच मोठ्या अक्षाशी लहान अक्षाचे, हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केले होते.

तेव्हा तुमच्या लॉनचे क्षेत्रफळ π × 25 × 3/5, म्हणजे 15π, अर्थात 47.12 चौरस मीटर. अक्षरांत लिहायचे तर अर्धी लांबी म्हणजे मोठा अर्धअक्ष a आणि अर्धी रुंदी म्हणजे लहान अर्धअक्ष b: मोठ्या वर्तुळाचे πa², त्याला b/a ने गुणले, एक a गेला आणि πab उरले. उलट बाजूनेही हेच येते: 3 मीटर त्रिज्येचे लहान वर्तुळ घेऊन ते पूर्व-पश्चिम 5/3 पट ताणले, तर π × 9 × 5/3, पुन्हा 15π.

दोन्ही अर्धअक्ष का येतात, याचे कारण खरे तर वर्तुळाच्या सूत्रातच दडलेले आहे. πr² मधील r² हा आपण एकच वर्ग समजतो, पण त्यातील एक r पूर्व-पश्चिम पसरण्याचा आहे आणि दुसरा उत्तर-दक्षिण पसरण्याचा. 1 मीटर त्रिज्येचे वर्तुळ घ्या, त्याचे क्षेत्रफळ π. ते पूर्व-पश्चिम पाचपट ताणले की 5π, मग उत्तर-दक्षिण तिप्पट ताणले की 15π. वर्तुळात हे दोन्ही ताण सारखे असल्यामुळे त्यांचे वेगळेपण दिसत नाही, लंबवर्तुळात ते दिसते. आरेखनात लंबवर्तुळ काढण्याची समकेंद्री वर्तुळांची पद्धत आहे, तीही हेच करते. एकाच केंद्रावर 5 आणि 3 त्रिज्येची दोन वर्तुळे काढतात, केंद्रातून एक तिरपी रेषा ओढतात, ती मोठ्या वर्तुळाला जेथे छेदते तेथून उभी रेषा व लहान वर्तुळाला जेथे छेदते तेथून आडवी रेषा काढतात, आणि त्या दोन रेषांचा छेदनबिंदू लंबवर्तुळावर असतो. प्रत्येक बिंदूचे आडवे माप मोठ्या वर्तुळाकडून आणि उभे माप लहान वर्तुळाकडून घेतलेले असते.

माळीकाकांच्या सरासरीने 4 मीटर त्रिज्या, म्हणजे 16π, अर्थात 50.27 चौरस मीटर येतात. हे 3.14 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 34 चौरस फूट, जास्त आहे. हा फरक नेहमी अर्धअक्षांतील फरकाच्या निम्म्याचा वर्ग गुणिले π इतका असतो. तुमच्याकडे फरक 2, निम्मा 1, म्हणून नेमका π. आकार जवळजवळ गोल असेल तर सरासरी चालून जाते, आणि माळीकाकांचे आजवर कदाचित त्यामुळेच निभावले असेल. पण लॉनची रुंदी कमी करत शून्यावर नेली तर जमिनीवर नुसती रेषा उरते, आणि सरासरीचा नियम तरीही 2.5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतके गवत मागवायला सांगतो! गुणाकार मात्र शून्य देतो. एक सावधगिरी: सूत्रात 5 आणि 3 ही अर्धी मापे घालायची, 10 आणि 6 नव्हेत. पूर्ण मापे घातल्यास उत्तर चौपट, म्हणजे 188 येते. ते लॉनला बाहेरून वेढणाऱ्या 60 चौरस मीटरच्या आयतापेक्षाही मोठे असल्याने चूक लगेच ओळखू येते.

याच युक्तीने परीघही काढावा असा मोह होतो, पण तो निघत नाही. वर्तुळाच्या कडेचा जो बारीक तुकडा पूर्व-पश्चिम आहे त्याची लांबी दाबल्यावर बदलत नाही, जो उत्तर-दक्षिण आहे तो तीन पंचमांश होतो, आणि तिरपे तुकडे आपापल्या कलाप्रमाणे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहतात. सर्व कडेला लागू होईल असा एकच गुणक नाही. पट्टीच्या क्षेत्रफळाला मात्र ती कोठेही असली तरी तोच गुणक लागतो. हा भेद सुटला की थोरांचीही चूक होते. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त आयतवृत्ताचे, म्हणजे लांबट वर्तुळाचे, क्षेत्रफळ परिघाला रुंदीच्या चौथ्या भागाने गुणून सांगितले आहे. वर्तुळात परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग हा नियम अगदी अचूक आहे, पण तोच लंबवर्तुळाला लावला की बिघडतो. तुमच्या मापांना त्यांच्या रीतीने सुमारे 37 चौरस मीटर येतात, म्हणजे दहा चौरस मीटर कमी.

आता प्रत्यक्ष आखणीविषयी, कारण सूत्र बरोबर असूनही गवत कमी-जास्त पडते ते बहुधा येथे. दोन खुंट्या मध्यापासून लांबीच्या रेषेवर किती अंतरावर ठोकायच्या, तर 25 मधून 9 वजा करून उरलेल्या 16 च्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे दोन्हीकडे 4 मीटरवर. त्यांना बांधलेल्या दोरीची मोकळी लांबी, गाठी सोडून, 10 मीटर हवी; ती काठीने ताठ ओढून धरत काठी फिरवली की लॉनची कड आखली जाते. मी एकदा काथ्याची दोरी वापरली आणि ती ओढताना ताणली गेली हे माझ्या ध्यानातच आले नाही. दोरी केवळ 20 सेंटिमीटर वाढली तर मोठा अर्धअक्ष 5.10 होतो, पण लहान अर्धअक्ष 3.16 होतो, कारण तो 26.01 वजा 16 याचे वर्गमूळ असतो. दोरीत दोन टक्के वाढ आणि क्षेत्रफळात साडेसात टक्के! 47.12 चे 50.69 चौरस मीटर होतात. म्हणून दोरीच्या लांबीवर विसंबून न राहता चुना टाकून झाल्यावर दोन्ही अक्ष टेपने मोजा आणि त्या मोजलेल्या मापांची निम्मी πab मध्ये घाला.

शेवटी, आखलेला आकार खरोखर लंबवर्तुळ आहे की नाही, हेही पाहून घ्या. पुष्कळदा मध्ये आयत आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे जोडून तसा आकार काढतात. 10 बाय 6 मध्ये त्याचे क्षेत्रफळ 52.27 चौरस मीटर भरते आणि त्याला πab लागू पडत नाही. मध्यापासून लांबीच्या रेषेवर 3 मीटर चाला आणि तेथून काटकोनात कडेपर्यंत मोजा. 2.40 मीटर आले तर लंबवर्तुळ आहे, 2.83 आले तर तो जोडलेला आकार आहे, आणि मग 24 चौरस मीटरच्या आयतात 3 मीटर त्रिज्येचे एक पूर्ण वर्तुळ मिळवून गवत मागवा.