घोंगडं परत येतं ते फोटोमुळं

घोंगडी ऑनलाइन विकायची तर खरेदीच्या साइटवर विक्रेत्याचं खातं उघडायला फार वेळ लागत नाही. पॅन, बँक खातं, जीएसटी नंबर हाताशी ठेव. राज्याबाहेर माल पाठवायचा तर जीएसटी लागतोच.

खरी गोम फोटोत आहे. माझं पहिलं माणदेशी घोंगडं साताऱ्यातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत काळंभोर दिसत होतं, प्रत्यक्षात करडं. गिऱ्हाईकानं 'रंग वेगळा' म्हणून परत पाठवलं, कुरिअरचा भुर्दंड मला. आता सकाळी दारात, सावलीत फोटो काढतो. एक फोटो विणीचा अगदी जवळून, एक खाटेवर पसरून, म्हणजे माप कळतं. 'लोकर टोचते' हेही लिहितो.

परत आलेलं पार्सल मात्र मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करूनच फोड. आधी लेबल दाखव, मग कात्री लाव. मला एकदा आत जुनी सोलापुरी चादर मिळाली होती! व्हिडिओ होता म्हणून साइटकडं केलेला भरपाईचा दावा टिकला. दाव्याची मुदत थोडी असते, त्याच दिवशी टाक.