सहा मीटर रेषेवरून उडी आणि नाकारलेला गोल

प्रश्न: हँडबॉलमध्ये तीन पावलं, एक ड्रिबल, पुन्हा तीन पावलं आणि सहा मीटर रेषेवरून उडी मारून गोल केला. पंचांनी का नाकारला?

पावलं बरोबर होती, उडी चुकली. नियमानुसार रेषा हा गोलक्षेत्राचाच भाग आहे, त्यामुळे चेंडू हातात असताना बुटाचं टोक जरी तिच्यावर टेकलं तरी प्रवेश धरतात आणि चेंडू गोलरक्षकाला मिळतो. पाय रेषेबाहेरून उचला. मग क्षेत्राच्या वर हवेत असताना फेकलेला चेंडू चालतो, फक्त जमिनीवर यायच्या आत तो हातातून सुटायला हवा. ड्रिबल करताना हवा तितक्या वेळा आपटा, पण एकदा पकडला की पुन्हा ड्रिबल नाही: तीन पावलं किंवा तीन सेकंदांत पास नाहीतर शॉट. मात्र हवेत चेंडू झेलून खाली येताना टेकलेला पहिला पाय मोजत नाहीत. ‘चार पावलं!’ असा ओरडा बहुतेक वेळा तिथेच होतो.