बक्षीसपत्राचे शेवटचे पान

सप्रेम नमस्कार,

तुम्ही पाठवलेला बक्षीसपत्राचा मसुदा वाचला. मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा यांत मला काही बदलावेसे वाटत नाही, परंतु शेवटचे पान घाईत झाले आहे, म्हणून या पत्रात फक्त त्याविषयीच लिहितो.

स्थावर मिळकतीच्या बक्षीसपत्राला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 123 नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. खरेदीखतावर साक्षीदार घेतो ते प्रामुख्याने रूढीने आणि पुराव्याच्या सोयीसाठी. तुमचे शेवटचे पान एखाद्या जुन्या खरेदीखतावरून उचललेले दिसते, कारण त्यात ‘लिहून देणार व लिहून घेणार यांनी खालील साक्षीदारांसमक्ष सह्या केल्या असत’ एवढेच वाक्य आहे. साक्ष म्हणजे काय, हे त्याच अधिनियमाच्या कलम 3 मध्ये सांगितले आहे. प्रत्येक साक्षीदाराने दात्याला सही करताना किंवा अंगठा उठवताना पाहिलेले असावे, किंवा ती सही आपलीच असल्याचे दात्याने स्वतः त्याला सांगितलेले असावे, आणि त्यानंतर साक्षीदाराने दात्याच्या समक्ष आपली सही केलेली असावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही आणि साक्षीच्या मजकुराला ठरावीक नमुनाही नाही. तरीही दात्याने साक्षीदारांसमक्ष सही केली आणि साक्षीदारांनी दात्यासमक्ष सही केली, या दोन्ही गोष्टी वाक्यात याव्यात असा माझा आग्रह आहे, कारण तुमच्या वाक्यात पहिलीच आहे, दुसरी नाही. असे लिहा: ‘दात्रीने आमच्या समक्ष या दस्तावर डाव्या हाताचा अंगठा उठवला व आम्ही दोघांनी दात्रीच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या.’ अर्थात वाक्य कितीही नेटके असले, तरी प्रत्यक्षात तसे घडले नसेल तर त्याचा उपयोग नाही. दोन्ही साक्षीदारांना त्या दिवशी बोलावून घ्या, दस्त त्यांच्या घरी पाठवू नका.

आता साक्षीदारांचा तपशील. क्रमांक 1 समोर नाव आहे, पण वय नाही, आणि पत्त्यात केवळ गावाचे नाव आहे. क्रमांक 2 समोर रिकामी रेघ आहे. पुढे दात्रीच्या इतर वारसांनी दस्त लिहून दिल्याचेच स्पष्टपणे नाकारले, तर नोंदणी झालेली असूनही, हयात आणि हजर होऊ शकणारा निदान एक साक्षीदार न्यायालयात तपासावा लागतो. पत्ता अपुरा असेल तर तो माणूस शोधणार कसा? म्हणून पूर्ण नाव, वय, व्यवसाय आणि घर क्रमांकासह पत्ता घ्या. साक्षीदार दात्रीपेक्षा वयाने लहान आणि त्याच परिसरात स्थायिक असलेला बरा. लिहून घेणारीच्या पतीचे नाव तुम्ही सुचवले आहे. कायद्याने त्याला आडकाठी नसली तरी वादाच्या वेळी त्याची साक्ष हितसंबंधी म्हणून दुबळी ठरेल, तेव्हा शेजारी किंवा स्नेही पाहा. दस्तलेखकाने ‘दस्त लिहिणार’ म्हणून केलेली सही साक्षीदाराची सही म्हणून मोजू नका. दुय्यम निबंधकांसमोर पक्षकारांना ओळखणाऱ्यांचे कामही वेगळे असते. तीच माणसे साक्षीदार असू शकतात, पण त्यांनी साक्षीदार म्हणून दस्तावर स्वतंत्र सही केलेली असली पाहिजे.

सह्यांच्या रकान्यात दात्री एकच असून ‘लिहून देणार क्र. 1’ आणि ‘क्र. 2’ असे दोन चौकोन राहिले आहेत. दुसरा काढून टाका, नाहीतर कोणी सहहिस्सेदार सही करायचा राहिला, असा प्रश्न उभा राहील. दात्री अंगठा उठवणार आहेत, म्हणून त्याच्या शेजारी त्यांचे पूर्ण नाव आणि ‘डाव्या हाताचा अंगठा’ हे शब्द हवेत, आणि मजकूर वाचून दाखवून समजावून सांगितल्याचा शेरा वाचून दाखवणाऱ्याच्या सहीनिशी हवा. लिहून घेणारीची सही ‘बक्षीस मला मान्य व कबूल आहे’ या वाक्याखाली घ्या, कारण दात्रीच्या हयातीत बक्षीस स्वीकारले जाणे हीसुद्धा कायद्याची अट आहे.

टंकलेखनाच्या चुका पडद्यावर शोधू नका. छापील प्रत घ्या. एकाने आधारकार्डावरून नाव अक्षर-अक्षर वाचावे आणि दुसऱ्याने दस्तावर बोट ठेवून पाहावे. पहिल्या पानावर दात्रीच्या नावात त्यांच्या पतीचे नाव आहे आणि शेवटच्या पानावर वडिलांचे. मिळकतीच्या अभिलेखात जे आहे तेच दोन्हीकडे ठेवा आणि दुसरे नाव ‘उर्फ’ म्हणून एकदाच नोंदवा. आरंभीची तारीख आणि सह्यांवरील तारीख जुळत नाहीत, आणि शेवटी वर्षही मागील दस्तातले राहिले आहे. दस्त नोंदणीला हजर करण्याची चार महिन्यांची मुदत सह्या झालेल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे ही केवळ अक्षरांची चूक नाही. हाताने खाडाखोड करावीच लागली, तर तेथे लिहून देणारीची निशाणी घ्या. तशी नसेल तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतात. रिकामी रेघ मात्र कोठेही ठेवू नका.

शेवटी, सह्यांचे पान एकटे पडू देऊ नका. बक्षीसपत्राचा निदान शेवटचा परिच्छेद त्या पानावर आणा आणि ‘एकूण पानांपैकी इतकावे’ असा पानक्रमांक घाला, म्हणजे ते पान दुसऱ्या मजकुराला जोडल्याची शंका कोणाला घेता येणार नाही. दुरुस्त केलेले शेवटचे पान आणि साक्षीदारांच्या ओळखपत्रांच्या प्रती एकत्र पाठवा. ती जुळवून पाहिल्यावरच सह्यांचा दिवस ठरवू.

आपला हितचिंतक