‘जणू’ दिसलं की उपमा?

प्रश्न : मी सोलापुरात नववीत, सेमी इंग्रजीला आहे. इंग्रजीत ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ आलं की सिमिली, म्हणून मराठी कवितेत ‘जणू’पुढे मी ‘उपमा’ लिहिलं. बाईंनी खोडलं. का? आणि मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, अलिटरेशनला मराठीत काय म्हणायचं?

बाईंचं बरोबर आहे. इंग्रजीची सिमिली मराठीत दोन घरांत राहते. एक उपमा, दुसरं उत्प्रेक्षा. सारखा, परी, प्रमाणे, सम, समान, वाणी हे शब्द उपमेचे. जणू, जणू काय, गमे, भासे हे उत्प्रेक्षेचे. मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती आणि अलिटरेशनच्या जागी अनुप्रास.

सरावासाठी चार ओळी इथेच रचल्या आहेत. पेन्सिल घे.

तव्यापरी ही तापे गच्ची, दुपार म्हणजे भट्टी,
वारा रुसला, झाडांशीही करून बसला कट्टी.
खटखट खटखट खटके धोटा, माग न घेई सुट्टी,
चादर सरके, जणू नदीची निळी वाहती पट्टी.

आधी अलंकाराचं नाव शोधू नकोस. जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती गोष्ट, म्हणजे उपमेय, एका रेघेनं अधोरेखित कर. तिला जिची जोड दिली ते उपमान, त्याखाली दोन रेघा. मधला जोडणारा शब्द असेल तर त्याला गोल. पहिल्या ओळीत गच्चीखाली एक रेघ, तव्याखाली दोन, ‘परी’ला गोल. दोहोंतला सारखेपणा, म्हणजे साधारण धर्म, ‘तापणे’. गच्ची गच्चीच राहिली, तवा तवाच. फक्त एक गुण जुळला. ही उपमा.

आता शेवटची ओळ. चादरीखाली एक रेघ, नदीच्या पट्टीखाली दोन, ‘जणू’ला गोल. मागावरून सरकणारी चादर ही नदीच असावी, अशी कल्पना कवी करतो. दोन वस्तू शेजारी ठेवून तो त्यांची तुलना करत नाही. म्हणून उत्प्रेक्षा. हीच ओळ ‘नदीसारखी चादर सरके’ अशी केलीस की उपमा होईल. बाईंनी का खोडलं, ते इथे कळतं.

‘दुपार म्हणजे भट्टी’ इथे गोल करायला काहीच सापडत नाही, कारण दुपार आणि भट्टी यांत अंतरच ठेवलेलं नाही. दोन्ही एकच, हे रूपक. पण जोडणारा शब्द नाही म्हणून लगेच रूपक म्हणू नकोस. ‘वारा रुसला’ यातही तसा शब्द नाही, मात्र दोन रेघा मारायला उपमानच मिळत नाही. वाऱ्याला माणसासारखं वागायला लावलंय, ती चेतनगुणोक्ती. ‘वारा वाहतो’ यात मात्र अलंकार नाही, वाहणं हे वाऱ्याचंच काम.

तिसऱ्या ओळीत ख आणि ट पुन्हा पुन्हा येतात आणि मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज कानात उतरतो, हा अनुप्रास. अलिटरेशनमध्ये सहसा शब्दाच्या सुरुवातीचा ध्वनी पाहतात. अनुप्रासात अक्षर शब्दात कुठेही येवो, नाद उठला पाहिजे. त्यामुळे फक्त पहिली अक्षरं मोजलीस तर ‘ट’ निसटेल. आणि याच ओळीत माग सुट्टी घेत नाही, म्हणजे चेतनगुणोक्तीही आली. एका ओळीत दोन अलंकार बसतात, दोन्ही लिही.

‘सारखं’ हा शब्द मात्र फसवतो. ‘ती सारखी बोलते’ यातलं सारखी म्हणजे सतत, तिथे तुलनाच नाही. ‘तिची उंची आईसारखी’ यात तुलना आहे, पण ती साधी माहिती. एका मुलीची उंची दुसऱ्या बाईच्या उंचीशी मोजली, त्यात चमत्कृती कुठली? मुलगी अशोकाच्या झाडासारखी सरळ वाढली, असं म्हटलं की उपमा.

कवितेशेजारच्या कोऱ्या समासात एकूण अक्षरं थोडी लिही, पण नुसतं नाव लिहून सोडू नकोस. ‘उपमा : गच्ची–तवा, धर्म तापणे’ एवढं पुरे. नुसतं ‘उपमा’ लिहिलेलं असलं तर परीक्षेच्या आदल्या रात्री ती का, हे तुझं तुलाच आठवायचं नाही.